शिक्षणासाठी लग्न पुढे ढकलायचं आहे. घरी कसं सांगाल?

मोहोळ तालुक्यात तुळशीचं लग्न लागलं की स्थळांची ये-जा सुरू होते. त्यामुळे हे बोलणं दसऱ्याच्या आधीच झालेलं बरं. पाहुणे पोहे खाऊन गेले की तुमचा नकार त्या मुलाला दिलेला नकार ठरतो. सुपारी फुटल्यावर तर प्रश्न वडिलांच्या शब्दाचा होतो, आणि मग माघार घेणं त्यांना फार जड जातं.

समजा, मुलगी मोहोळहून एसटीने सोलापूरला जाऊन बी. फार्मसीच्या चौथ्या वर्षाला शिकते आहे. नुसतं "आत्ता नको" म्हटलं तर घरच्यांना टाळाटाळ वाटते, शिवाय मनात दुसरंच कोणी आहे का, अशी शंकाही येते. म्हणून तारीख सांगावी. आधी आईशी एकटीने बोलावं. मग वडील निवांत असताना, पाहुण्यांसमोर नव्हे, असं म्हणता येईल:

"अण्णा, माझ्या काळजीपोटीच तुम्ही स्थळं बघताय, हे मला कळतं. लग्नाला माझी ना नाही. पण जूनमध्ये माझी शेवटची परीक्षा संपेल. तोपर्यंत कुणालाही बघायला बोलावू नका. जुलैमध्ये आपण बसून बोलू."

पुढे शिकायचं मनात असेल तर तेही आत्ताच सांगा. जूनचा शब्द देऊन जुलैत नवी मुदत मागितली, तर पुढचं काही ऐकून घेतलं जाणार नाही.

"नुसतं बघून घ्यायला काय हरकत आहे?" हे हमखास येतं. त्यावर म्हणावं, "स्थळ पसंत पडलं तर ते लोक वर्षभर थांबणार नाहीत, आणि नाही म्हणताना तुम्हालाच अवघड होईल." "लग्नानंतर शिक" याला उत्तर असं: "सासर लांब पडलं तर कॉलेजची हजेरी आणि प्रॅक्टिकल बुडतील. पदवी हातात नसेल तर त्या पदवीवर फार्मासिस्ट म्हणून नोंदणीच होत नाही." खर्चाचा मुद्दा निघाला तर कागद दाखवा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार २०२४-२५ पासून पूर्ण भरतं. प्रवास आणि वह्या-पुस्तकं मात्र घरच्यांनाच बघावी लागतात. ते नाकारू नये.

घरचे "बरं" म्हणाले म्हणजे काम झालं असं नाही. फोटो आणि बायोडाटा मध्यस्थांच्या मोबाइलवर फिरतच राहतो. तेव्हा "मध्यस्थांना जूनपर्यंत थांबायला सांगाल ना?" असं विचारा. आठवड्याभरात पुन्हा पत्रिका मागितली गेली, तर निरोप पोचलेला नाही. मग मामा किंवा आत्या, म्हणजे वडील ज्यांचं ऐकतात त्यांना मध्ये घाला; पण वडिलांना आधी सांगून.

मुलगी १८ वर्षांखालची किंवा मुलगा २१ वर्षांखालचा असेल, तर हा समजुतीचा विषयच नाही. तो बालविवाह ठरतो. १८ वर्षांखालच्यांसाठी १०९८ या क्रमांकावर मोफत मदत मिळते.