रानांतील पाट्या आणि त्यांवरील नांवें



माहूरला आपण बहुतेक जण रेणुकेच्या किंवा दत्ताच्या दर्शनाला जातों. डोंगर चढतांना दोहों बाजूंच्या झाडीकडे आपलें लक्ष जातें तें सावलीपुरतेंच. परंतु याच डोंगराला वळसा घालून वाहणाऱ्या पैनगंगेच्या खोऱ्यांत, यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, पैनगंगा अभयारण्य आहे; आणि रानें पाहण्यासाठीं म्हणून घराबाहेर पडणारा प्रवासी आतां आपल्याकडेही दिसूं लागला आहे. अशा प्रवाशांसाठीं रानांत पायवाटा आंखतात, त्यांवर पाट्या लावतात आणि तोंडाशीं एक नकाशा उभा करतात. पाटीवरील मजकूर पुष्कळदां आधीं इंग्रजींत लिहिला जातो व मागाहून मराठींत उतरविला जातो. असाच एका रानाचा मजकूर मध्यंतरीं माझ्याकडे तपासण्यासाठीं आला होता. तें रान कोणतें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्यांतली एक पाटी मात्र सांगण्यासारखी आहे.

पाटीवर लिहिलें होतें : 'मगर-साल वृक्ष. या मागावर सामान्य.' माझ्या शेजारीं एक म्हातारे शेतकरी गृहस्थ बसले होते. त्यांना मीं ती ओळ वाचून दाखविली. ते म्हणाले, "मास्तर, हें झाड आपल्याकडचें नव्हे." वस्तुतः तें झाड होतें ऐनाचें, आणि त्यांच्या घराचा एक वासा ऐनाचाच होता. ऐनाची साल काळसर असून तिला खोल भेगा पडून चौकोनी खवले झालेले असतात, म्हणून इंग्रजींत त्याला मगरीच्या सालीचें झाड असें एक नांव पडलें. अनुवादकानें नांवाचें भाषांतर केलें आणि झाड हरवलें. 'सामान्य' हा शब्दही तसाच फसवा. मूळ लेखकाला म्हणावयाचें होतें कीं, हें झाड येथें जागोजाग आढळतें. मराठींत 'सामान्य' म्हणजे मात्र साधारण प्रतीचें. 'माग' म्हणजे तर जनावराच्या पावलांचा माग. माणसें चालतात ती पायवाट.

आतां कोणी म्हणेल, मराठी नांव कोशांत पाहिलें असतें म्हणजे झालें. येथेंच इतिहास आडवा येतो. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालीं निघाली व दुसरी १८५७ सालीं. त्यांत झाडांच्या बाबतींत पुष्कळ ठिकाणीं शास्त्रीय नांव दिलेलें सांपडतें; पक्ष्यांच्या बाबतींत मात्र 'एक पक्षी' एवढ्यावरच अनेकदां काम भागविलेलें आहे. झाडांसाठीं पुढें मोठा आधार झाला तो थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथाचा. तो १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झाला व त्यांत पुष्कळ वनस्पतींपुढें देशी नांवें दिलेलीं आहेत. पण तीं मुंबई इलाख्यांतलीं, म्हणजे मुख्यतः कोंकण, सह्याद्रि, खानदेश व दक्षिणेकडील जिल्हे यांतलीं. माहूर त्या इलाख्यांत नव्हतें. माहूर निजामाच्या राज्यांत होतें, आणि तेथें १८८४ पासून दरबारी भाषा उर्दू होती. किनवटचा मुलूख तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. त्यामुळें माहूर-किनवटच्या रानांतली मराठी नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं. ग्रंथांत त्यांची नोंद फारशी झाली नाहीं.

शिवाय जें कांहीं कागदावर आलें, तें दोन परक्या लिप्यांच्या चाळणींतून आलें. उर्दू लिपींत 'ळ' नाहीं, रोमन लिपींत 'ळ' आणि 'ल' यांचा भेद नाहीं. नळदुर्गाचें नलदुर्ग होतें तें याच वाटेनें, आणि पळसाचेंही पलस होतें. पुढें रोमन नकाशावरून पुन्हां मराठी पाटी लिहिणारा मनुष्य तें परतीचें रूपच खरें धरून चालतो. पैनगंगेचें 'पेनगंगा' झालेलें मीं स्वतः पाहिलें आहे.

तेव्हां ऐनाची पाटी कशी करावी? इंग्रजी नांव बाजूला ठेवून शास्त्रीय नांव हातीं धरावें, कारण दोन भाषांना जोडणारी खुंटी तीच. अर्थात् तीही अगदींच अचल नसते. ज्याला जुन्या ग्रंथांत टर्मिनॅलिया टोमेंटोजा म्हटलें आहे, त्याला पुढील ग्रंथांत टर्मिनॅलिया इलिप्टिका म्हटलेलें आढळतें. म्हणून जुनें व नवें अशीं दोन्ही नांवें टिपणांत ठेवावीं. मग गांवच्या लोकांकडे जावें, पण नांव घेऊन जाऊं नये, फांदी घेऊन जावें. "ऐन ठाऊक आहे का?" असें विचारलें तर भिडेनें होकार मिळतो. पान, साल आणि फळ पुढें ठेवून "याला काय म्हणतां?" असें विचारलें तर खरें उत्तर मिळतें, आणि तें एकाच वाडीवर न विचारतां तीन-चार ठिकाणीं विचारावें.

असें केल्यावर नवीच अडचण पुढें येते. ऐनाला विदर्भाकडे 'येन' म्हणतात, कांहीं भागांत 'साजड' किंवा 'सादडा' म्हणतात. आणि अर्जुनाच्या झाडालाही मराठींत 'अर्जुनसादडा' हें नांव आहे. नुसतें 'सादडा' लिहिलें तर कोणता सादडा समजावा? दोन्ही झाडें एकाच कुळांतलीं व एकाच वंशांतलीं, दोघांच्याही फळांना पांच पंख. पाटी चुकीच्या झाडाला लागली आहे कीं काय, हें ओळखण्याच्या खुणा मात्र पक्क्या आहेत. अर्जुनाची साल फिकी व गुळगुळीत असते, तिचे चपटे पापुद्रे सुटतात, आणि झाड ओढ्यानदीच्या कांठीं उभें असतें. फळ हातीं आलें तर संशयच राहत नाहीं : ऐनाच्या पंखावरील रेघा सरळ आडव्या कांठापर्यंत जातात, अर्जुनाच्या वर वळतात. शिवेपलीकडच्या तेलुगु लोकांनीं हा भेद नांवांतच बांधून टाकला आहे. ऐन तो 'नल्लमद्दी', म्हणजे काळा मद्दी. आणि अर्जुन तो 'तेल्लमद्दी', म्हणजे पांढरा. मराठी पाटीवर म्हणून मीं मोठ्या अक्षरांत 'ऐन' लिहिलें, त्याखालीं बारीक अक्षरांत 'येन, साजड' लिहिलें, आणि 'सादडा' हा शब्द अर्जुनासाठीं राखून ठेवला. कांहींना हें पटणार नाहीं. परंतु एका पायवाटेवर एक नांव दोन झाडांना देणें मला त्याहून वाईट वाटतें.

पक्ष्यांच्या नांवांत घोटाळा वेगळ्या तऱ्हेचा. हिंवाळ्यांत पाणथळींतल्या गवतांत एक चिमणीएवढा पाहुणा पक्षी येतो. त्याच्या नराचा गळा निळा असतो व इंग्रजी नांवही तेंच सांगतें. त्या नांवाचें सरळ भाषांतर केलें कीं होतो 'नीलकंठ'. पण नीलकंठ म्हटल्यावर आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो तारेवर बसणारा, पारव्याएवढा, उडतांना पंखांत दोन तऱ्हांची निळाई दाखविणारा पक्षी. दसऱ्याला ज्याचें दर्शन शुभ मानतात तो हाच. तेलंगणानें 'पालपिट्ट' या नांवानें राज्यपक्षी म्हणून निवडला तोही हाच. गंमत अशी कीं, याचा कंठ मुळींच निळा नाहीं, तांबूस-तपकिरी आहे. जुन्या मराठींत त्याला 'चास' किंवा 'तास' म्हणत, आणि अलीकडील पक्षिनिरीक्षक 'नीलपंख' म्हणतात. माझ्या मतें पाटीवर 'नीलपंख' लिहून खालीं 'नीलकंठ, चास' अशीं नांवें द्यावीं, आणि पाणथळींतल्या छोट्या पाहुण्याला 'नीलकंठ' हें नांव कदापि देऊं नये.

सातभाईंचेंही तसेंच. कलकलाट करीत थव्यानें फिरणाऱ्या या पक्ष्यांना इंग्रज लोक सात बहिणी म्हणतात. संख्या दोन्हींकडे सात, नातें मात्र निराळें. तेव्हां 'सात बहिणी' अशी पाटी लावणाऱ्यानें पक्षी पाहिला नाहीं कीं मराठी ऐकली नाहीं, असा प्रश्न पडतो. वेडा राघू हा पोपट नव्हे म्हणून त्याचें नांव 'मधमाशीखाऊ' असें सुधारणारेही भेटतात. भारद्वाजाविषयीं तर पंडित सांगतात कीं, संस्कृतांतला भारद्वाज म्हणजे चंडोल. असेल. पण मराठींतला भारद्वाज म्हणजे तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, कुंपणांतून घुमणारा, आणि पाटी मराठी आहे.

लोकांचें म्हणणें शेवटचें मानावें काय? सर्वत्र नाहीं. डोक्यावर तुरा असलेल्या हुदहुदाला खेड्यापाड्यांत पुष्कळ जण 'सुतार' म्हणतात. हुदहुद चोंच खुपसतो ती जमिनींत. झाडाच्या खोडावर चढून टकटक करणारा सुतार निराळा. येथें मीं लोकांचें नांव दुसऱ्या ओळींतही घेतलें नाहीं, कारण सुताराची पाटी त्याच वाटेवर पुढें होती. मारुति चितमपल्ली यांनीं वनखात्यांतील नोकरीच्या काळांत रानोरान फिरून नांवें गोळा केलीं व २००२ सालीं 'पक्षिकोश' सिद्ध केला. अशा प्रसंगीं तो जवळ असावा. मात्र त्यांतलीं अनेक नांवें पाहून आपल्या रानाला लागू कोणतें, हें ठरविण्याचें काम उरतेंच.

नकाशाच्या खुणांविषयीं थोडेंसें सांगतों, कारण तेथें चूक झाली तर ती केवळ हंसण्यावारीं जात नाहीं. तुटक निळ्या रेघेपुढें त्या मसुद्यांत 'खंडित प्रवाह' असें लिहिलें होतें. वाचणाऱ्याला वाटावें, कोठेंतरी बांध घातला आहे. अर्थ एवढाच कीं, हा ओढा पावसाळी आहे, वैशाखांत त्यांत पाणी मिळणार नाहीं. 'पावसाळी ओढा' आणि 'बारमाही ओढा' असे शब्द असतां उन्हांत चालणाऱ्याला कोड्यांत कां घालावें? 'अग्निरेषा' याचें वनरक्षकांच्या बोलण्यांतलें नांव 'जाळरेषा'. वणवा पुढें सरकूं नये म्हणून उन्हाळ्याआधींच जाळून मोकळा केलेला तो पट्टा असतो. 'अग्निरेषा' वाचून मनुष्य तेथें आग आहे असें समजून दुसरीकडे वळावयाचा.

सर्वांत जड चूक होती ती 'राखीव' आणि 'संरक्षित' या दोन शब्दांची. मसुद्यांत दोन्ही रंगांच्या पट्ट्यांपुढें 'संरक्षित वन' असेंच लिहिलें होतें. १९२७ च्या वनकायद्याप्रमाणें राखीव वनांत ज्याची परवानगी दिली असेल तेवढेंच करतां येतें. संरक्षित वनांत ज्याची मनाई केली असेल तेवढें सोडून बाकीचें करतां येतें. मोहाचीं फुलें वेंचायला टोपली घेऊन निघालेल्या बाईच्या दृष्टीनें या दोन शब्दांत घरीं परतणें आणि दंड भरणें एवढें अंतर आहे. ही दुरुस्ती मीं तांबड्या शाईनें केली व मसुदा परत धाडला. सहा महिन्यांनीं त्या वाटेनें गेलों तेव्हां नकाशांतले शब्द बदललेले दिसले. ऐनाची पाटीही बदलली होती. फक्त ती आतां अर्जुनाच्या बुंध्याला ठोकलेली होती.