एका पानावर तुडतुडे किती?



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना असे वाटले असेल की, मजुरांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने किड्यांविषयी बोलण्याचे कारण काय? कारण साधे आहे. विदर्भातील शेतमजुरांत काम करीत असताना एका वयस्क मजुराने आम्हांस एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "भाऊ, फवाराले कवा जाचं हे मालक सांगते. मालकाले दुकानदार सांगते. दुकानदाराले कोन सांगते?" त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते शोधावयास आम्ही पुस्तके उघडली, शेतांतून हिंडलो, आणि एका लहानशा किड्यापाशी येऊन थांबलो. त्या किड्याचे नाव तुडतुडा.

कपाशीच्या झाडाजवळून चालताना पानांखालून हिरवट, पाचरीच्या आकाराचे बारीक किडे टुणकन उडतात, तेच हे तुडतुडे. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक पंखावर टोकाजवळ एक काळा ठिपका असतो, त्यावरून तो ओळखावा. त्याची पिले पंख नसलेली, फिकट हिरवी असतात व पान उलटताच खेकड्यासारखी तिरपी चालतात. ही तिरपी चाल एकदा पाहिली की मनुष्य पुन्हा चुकत नाही.

याचे आयुष्य कसे चालते ते पाहिल्यावाचून पुढचा हिशेब समजणार नाही. मादी आपली अंडी पानावर ठेवीत नाही. पानाच्या खालच्या बाजूस शिरेच्या आत एकेक करून खुपसते. हवामानाप्रमाणे चार ते अकरा दिवसांत अंड्यातून पिलू बाहेर पडते. ते एक ते तीन आठवड्यांत पाच वेळा कात टाकते आणि मग त्यास पंख फुटतात. वर्षभरात अशा दहा-अकरा पिढ्या होतात. शेतात कपाशी नसते तेव्हा भेंडी, वांगी यांच्या पानांवर त्यांचा संसार चालूच असतो. पाऊस उघडून ऊन पडू लागले, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, कपाशीवर त्यांची गर्दी होते.

पिले आणि मोठे किडे दोघेही सोंडेने पानाचा रस शोषतात, पण नुसता रस जातो एवढ्यावर थांबत नाही. त्यांच्या लाळेतील विषारी द्रव्य पानात उतरते. पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, खाली मुडपतात, मग तांबूस होऊन करपतात. असे पान अन्न तयार करीनासे होते आणि पात्या, फुले, कोवळी बोंडे गळतात.

आता या किड्याविरुद्ध माणसाने काय काय केले, त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. औषधांच्या आधी उपाय होता तो झाडाच्या अंगच्या लवेचा. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन येथे १९२० नंतरच्या दशकात पार्नेल या संशोधकाने पाहिले की, ज्या कपाशीची पाने केसाळ असतात तिच्यावर तुडतुड्यांचे फारसे चालत नाही. अशी झाडे निवडून त्याने तेथील शेतीस तगणारे वाण दिले. आपल्या देशी कपाशीलाही या किड्याचा त्रास मानाने कमी होतो.

पुढे १९३९ साली डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण कळला, आणि युद्धानंतर सगळा रोखच बदलला. किडा दिसो वा न दिसो, ठरल्या दिवशी फवारा मारावयाचा, असा रिवाज पडला. घड्याळाच्या भोंग्याप्रमाणे फवारणीचाही भोंगा वाजू लागला. या रिवाजास पहिला मोठा धक्का बसला तो कॅलिफोर्नियात, लसूणघासाच्या पिकावर. १९५४ साली तेथे एक ठिपक्यांचा मावा नव्याने आला. शेतकऱ्यांनी जबर औषधे मारली. दोन-तीन वर्षांत त्या औषधांना न जुमानणारा मावा पैदा झाला आणि माव्याला खाणारे ढालकिडे मात्र औषधाने मरून गेले. म्हणजे चोर राहिला आणि पहारेकरी गेला.

तेथील विद्यापीठातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन या चौघांनी निराळी वाट धरली. ढालकिड्यांना कमी बाधेल असे औषध थोड्या मात्रेत, तेही जरूर तेव्हाच द्यावयाचे. परदेशांतून माव्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक माशा आणून सोडावयाच्या. या अनुभवावर त्यांनी १९५९ साली एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. 'आर्थिक नुकसानीची पातळी' ही कल्पना तेथून सुरू होते.

ती कल्पना कामगारास पगाराच्या हिशेबासारखी चटकन समजते. समजा, एकरभर कपाशीवर एक फवारा मारण्यास औषध पाचशे रुपयांचे आणि मजुरी चारशेची, मिळून ९०० रुपये लागतात. कापसाचा भाव क्विंटलला ७,००० रुपये धरू. तर ९०० रुपये म्हणजे सुमारे १३ किलो कापूस. फवाऱ्याने १३ किलोहून कमी कापूस वाचणार असेल, तर किडा जिंकला असे नव्हे, शेतकरी हरला असे म्हणावे. जेवढ्या किड्यांनी १३ किलोचे नुकसान होईल तेवढी त्यांची संख्या, ही झाली नुकसानीची पातळी. पण त्या क्षणापर्यंत थांबून चालत नाही. औषध आणावयास, मजूर मिळावयास, पाऊस उघडावयास दिवस लागतात, आणि तुडतुडे तोवर वाढत असतात. म्हणून त्याच्या थोडी अलीकडे दुसरी खूण ठेवतात. तिला 'आर्थिक उंबरठा' म्हणतात. उंबरठा ओलांडला की उपाय करावयाचा, त्याआधी नाही.

कपाशीवरील तुडतुड्यांसाठी आपल्याकडे हा उंबरठा पानामागे दोन ते तीन असा धरतात. हे मोजावयाचे कसे, तेही पाहू. सकाळी, ऊन चढण्यापूर्वी शेतात जावे. आडवेतिडवे चालत वीस झाडे निवडावीत. बांधावरचीच घेऊ नयेत, कारण बांधाकडे किडा बहुधा अधिक असतो व हिशेब फुगतो. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले व खालचे अशी तीन पाने अलगद उलटून पाहावीत. झटका दिला की मोठे तुडतुडे उडून जातात आणि संख्या खोटी कमी येते.

असा एक हिशेब मांडू. साठ पानांवर ८४ तुडतुडे आढळले, तर ८४ भागिले ६०, म्हणजे पानामागे १.४. फवारा नको. ढालकिडे, कोळी, जाळीदार पंखांच्या हिरव्या माशा दिसत असतील, तर त्यांना काम करू द्यावे. पाच-सहा दिवसांनी पुन्हा मोजता १५० आढळले; म्हणजे पानामागे २.५. उंबरठा ओलांडला. आता झाडांकडे पाहावे: निम्म्या झाडांवर पानांच्या कडा पिवळ्या पडून मुडपू लागल्या असतील, तर थांबण्यात अर्थ नाही. फवाऱ्यानंतर आठवड्याने पुन्हा मोजलेच पाहिजे. कारण शिरेतील अंड्यांपर्यंत औषध सहसा पोचत नाही, त्यांतून नवी पिले निघतात. तेवढ्यावरून औषध निकामी ठरविणे चूक आहे. पण दोनदा मोजूनही संख्या हलत नसेल, तर मात्र किडा त्या औषधाला सरावला असे समजावे. तेच औषध जास्त घालणे हा त्यावर उपाय नव्हे.

आणखी एक फसगत होते ती लाल पानांची. आश्विन-कार्तिकात मॅग्नेशियम कमी पडले, रात्री गार झाल्या की पाने लाल होतात. शेतकरी त्यास लाल्या म्हणतात. त्यावर फवारा मारणे म्हणजे उपाशी माणसास जुलाब देणे. पान उलटून पाहावे. कडा मुडपलेल्या नाहीत, तिरप्या चालीची पिले नाहीत, तर तो किडा नव्हे.

२००२ साली बी.टी. कपाशीस परवानगी मिळाली. तिच्यातील गुण बोंडअळीसाठी होता. रस शोषणाऱ्या किड्यांवर त्याचा काही परिणाम नाही. बाजारात आलेले कितीक संकरित वाण तुडतुड्यांना नाजूक निघाले. बियाण्यास औषध लावून आलेल्या पिकाचे पहिले काही आठवडे निभावतात; पुढे फवारेच फवारे. त्या औषधांनाही तुडतुडे सरावले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस माणसे दगावली, शेकडो आजारी पडली. कपाशी उंच वाढलेली, पाठीवर पंप, अंगात साधा सदरा, आणि औषधाचा फवारा तोंडावर उलटत असे. त्या सर्वांना तुडतुड्यांनीच शेतात नेले असे आम्ही म्हणत नाही. बोंडअळीही होती, औषधांची मिसळही होती. पण आम्ही पुढे ज्या गावांत बसून विचारले, तेथे पाने उलटून मोजलेला एकही माणूस आम्हांस भेटला नाही. शेजाऱ्याने मारले म्हणून मारले, दुकानदाराने दिले म्हणून मारले, हीच उत्तरे. कॅलिफोर्नियातील त्या चौघांपैकी व्हॅन डेन बॉश यांनी १९७८ साली पुस्तक लिहून हेच बजावले होते, की औषध विकणाराच जर औषधाची गरज ठरवू लागला, तर गरज कधी संपत नाही.

आणि त्या शहाणपणातही एक उणीव आहे, ती सांगितल्यावाचून आम्हांस खाली बसता येत नाही. वरच्या हिशेबात औषध आले, कापसाचा भाव आला, मजुराची चारशे रुपये मजुरीही आली. मजुराचा श्वास मात्र आला नाही. तो रकान्यात मांडला, तर उंबरठा आपोआप वर सरकतो आणि कितीतरी फवारे अनावश्यक ठरतात. कापसाचा भाव निम्मा झाला, तर तोच खर्च भरून यावयास १३ ऐवजी २६ किलो कापूस वाचावा लागतो. हे शेतकऱ्यास पटते. मग माणसाचे आरोग्य धरल्यावर आकडा बदलतो, हे का पटू नये?

आमच्या त्या म्हाताऱ्या सोबत्यास आम्ही दुसऱ्या वर्षी शेतात नेऊन पाने उलटावयास शिकविले. साठ पाने मोजून तो मालकापाशी गेला व म्हणाला, "आज दीडच हाय, फवारा नोको." मालकाने आधी त्याच्याकडे आणि मग पानाकडे पाहिले. त्या दिवशी पंप खोपटातच राहिला. दुकानदाराला कोण सांगते, याचे उत्तर आम्हांस अजून पुरते देता येत नाही. पण मालकाला कोण सांगू शकतो, हे त्या दिवशी कळले.