चिंताविकाराची गोळी, गर्भधारणा आणि स्तनपान: डॉक्टरांना काय विचारावे?

चिंताविकारासाठी गोळ्या सुरू असताना बाळाचा विचार मनात आला किंवा बाळंतपणानंतर पुन्हा धडधड, घबराट सुरू झाली, की बहुतेक स्त्रियांना पहिला प्रश्न पडतो, "गोळी बंद करू का?" घरातूनही लगेच सल्ला मिळतो, "बाळाला पाजतेस आणि डोक्याच्या गोळ्या घेतेस?" मग अनेक जणी कोणाला न विचारता गोळी थांबवतात आणि दोन-तीन दिवसांत त्यांचा त्रास वाढतो.

या प्रश्नाचे उत्तर गोळीत नेमके कोणते औषध आहे यावर अवलंबून असते. "चिंतेची गोळी" असे एकच औषध नसते. आपल्याकडे तर एका गोळीत अनेकदा दोन औषधे असतात, आणि गर्भावर व आईच्या दुधावर त्या दोघांचा परिणाम वेगवेगळा असतो. म्हणून सुरुवात तुमच्या गोळ्यांच्या पाकिटापासून करू.

तुमच्या गोळीत एक औषध आहे की दोन?

पाकिटाच्या मागच्या बाजूला कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव आणि प्रमाण छापलेले असते. तिथे दोन नावे आणि दोन आकडे असतील, तर ती संयुक्त गोळी आहे. सर्रास दिली जाणारी एक जोडी म्हणजे एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम.

यातले एस्सिटॅलोप्रॅम हे एसएसआरआय गटातले औषध आहे. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन हीदेखील याच गटातली. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, पण चिंताविकारावरचा मूळ उपचार हाच असतो. त्यांची सवय लागत नाही. मात्र ती एकदम थांबवली, तर चक्कर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास होऊ शकतो.

क्लोनाझेपाम हे बेंझोडायझेपिन गटातले आहे. अल्प्राझोलाम, लोराझेपाम आणि डायझेपाम याच गटात येतात. एटिझोलामचे कामही बरेचसे असेच चालते. ही औषधे अर्ध्या-एक तासात शांत करतात, म्हणून सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरती दिली जातात. महिनोन्महिने घेतली तर शरीराला त्यांची सवय लागते. अशा वेळी ती अचानक बंद केल्यास झोप उडते, हात थरथरतात, घबराट पूर्वीपेक्षा वाढते आणि कधी कधी फिटही येऊ शकते.

संयुक्त गोळीची अडचण इथेच होते. "थोडी कमी करू" म्हणून तुम्ही ती अर्धी तोडली, तर दोन्ही औषधे निम्मी होतात. जे कमी करायला हवे ते कमी होते, पण ज्याच्या आधाराने तुम्ही बऱ्या आहात तेही कमी होते. म्हणून डॉक्टर आधी दोन्ही औषधे वेगवेगळ्या गोळ्यांत देतात आणि मग एकेकाचा विचार करतात.

गर्भधारणेचा विचार असेल तर

हे बोलणे पाळी चुकण्याआधी व्हायला हवे. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. त्यामुळे गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. फॉलिक अॅसिडही त्या आधीच सुरू करायचे असते. बहुतेकींना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. काहींना जास्त लागते, ते डॉक्टर ठरवतील.

कोणतेही औषध न घेणाऱ्या स्त्रियांमध्येही १०० पैकी साधारण ३ बाळांमध्ये जन्मतः एखादा मोठा दोष आढळतो. सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्रॅममुळे या आकड्यात फारसा फरक पडत नाही. पॅरोक्सेटिनबाबत हृदयाच्या दोषांचा धोका किंचित वाढल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे गर्भधारणेचा विचार असताना ते नव्याने सहसा सुरू करत नाहीत. आधीपासून घेत असाल तर स्वतःहून बंद करू नका, पण हा विषय डॉक्टरांकडे नक्की काढा.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत एसएसआरआय घेतल्यास काही बाळे जन्मानंतर थोडे दिवस चिडचिडी असतात, थरथरतात किंवा नीट दूध पीत नाहीत. हे बहुधा काही दिवसांत आपोआप थांबते. फुप्फुसांतील रक्तदाब वाढण्याचा एक गंभीर पण दुर्मिळ त्रासही आहे. औषध न घेणाऱ्या मातांच्या १००० बाळांपैकी साधारण २ बाळांना तो होतो, तर औषध घेणाऱ्या मातांच्या साधारण ३ बाळांना. म्हणून प्रसूती जिथे होणार आहे, तिथल्या डॉक्टरांना तुमचे औषध माहीत असायला हवे.

बेंझोडायझेपिन मात्र गरोदरपणात रोज घेणे शक्यतो टाळतात. प्रसूतीच्या सुमारास ते सुरू असेल, तर बाळ सुस्त आणि सैल पडू शकते, त्याचा श्वास मंद होऊ शकतो, किंवा पुढच्या काही दिवसांत औषध सुटल्याचा त्रास त्याला होऊ शकतो.

तुमच्या चिठ्ठीत व्हॅल्प्रोएट असेल, तर थांबू नका, लगेच भेट घ्या. ते फिट किंवा मूडच्या आजारासाठी देतात आणि गर्भातील बाळाला त्यापासून मोठा धोका असतो. १०० पैकी सुमारे १० बाळांमध्ये जन्मदोष आढळतात. हे औषधही स्वतःहून बंद करायचे नाही. भेट होईपर्यंत खात्रीचे गर्भनिरोधक वापरा.

एक उदाहरण

समजा, एका २९ वर्षांच्या स्त्रीला दीड वर्षापासून वर सांगितलेली संयुक्त गोळी सुरू आहे. आता तिला बरे वाटते आणि बाळ हवे आहे. तिने आधी एकदा गोळी एकदम थांबवली होती. तिसऱ्या रात्री तिला झोप लागली नाही आणि छातीत इतकी धडधड झाली की घरचे तिला इमर्जन्सीत घेऊन गेले.

डॉक्टर आधी दोन्ही औषधे वेगळी करतात. एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम तसेच राहते. क्लोनाझेपाम ०.५ वरून ०.३७५, मग ०.२५, मग ०.१२५ मिलिग्रॅम आणि मग बंद, अशा पायऱ्यांनी उतरवतात. प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवडे थांबतात. त्रास वाढला तर त्याच पायरीवर आणखी थांबतात. सोबत समुपदेशन सुरू होते. तिला सुमारे तीन महिने लागतात. त्यानंतर ती महिनाभर स्थिर राहते आणि मग गर्भधारणेचा प्रयत्न करते. (हा क्रम फक्त उदाहरण आहे. तुमचा क्रम तुमचे डॉक्टर ठरवतील.)

बाळंतपणानंतरही तिचे एस्सिटॅलोप्रॅम बदलत नाहीत. दुधात सर्ट्रालिन त्याहून कमी उतरते हे खरे, पण जे औषध लागू पडले आहे ते बदलून बाळंतपणाच्या नाजूक आठवड्यांत आजार परत येऊ देणे जास्त नुकसानीचे ठरू शकते.

अंगावर पाजत असाल तर

आईने घेतलेल्या औषधाचा किती भाग दुधातून बाळाला मिळतो, हे वजनाच्या प्रमाणात मोजतात. हा भाग आईच्या डोसच्या १० टक्क्यांहून कमी असेल, तर निरोगी आणि पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ते औषध सहसा चालते. सर्ट्रालिनचा भाग बहुधा ३ टक्क्यांच्या आत असतो. त्यामुळे बाळंतपणानंतर पहिल्यांदाच औषध लागले, तर अनेक डॉक्टर त्यालाच पहिली पसंती देतात. एस्सिटॅलोप्रॅमचा भाग थोडा जास्त, पण १० टक्क्यांच्या आतच राहतो. फ्लुओक्सेटिन शरीरात फार दिवस टिकते, म्हणून नवजात बाळाच्या आईला ते नव्याने सहसा देत नाहीत.

ही गोळी घेतल्यावर दूध काढून फेकून द्यायची गरज नसते. गोळी आणि पाजण्याच्या वेळेचा मेळ घालूनही फारसा फरक पडत नाही.

बेंझोडायझेपिनची कमी मात्रा एखाद्या वेळी घेतली, तर पाजणे थांबवावे लागत नाही. रोज घ्यावी लागत असेल, तर बाळावर नीट लक्ष ठेवावे लागते. क्लोनाझेपाम आणि डायझेपाम शरीरात बराच काळ राहतात आणि लहान बाळाला ती लवकर बाहेर टाकता येत नाहीत. अशा गोळीने तुम्हालाही गाढ झोप लागते. म्हणून त्या रात्री बाळाला तुमच्या अंथरुणात घेऊन झोपू नका. बाळ शेजारी पण वेगळ्या जागी असावे आणि रात्री उठायला घरातले दुसरे कोणी तयार असावे.

बाळ पाजण्याच्या वेळीही उठत नसेल, ओढून पीत नसेल, अंग सैल वाटत असेल, पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू करत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. श्वास थांबत असेल किंवा बाळ जागेच होत नसेल, तर थेट रुग्णालयात जा. बाळ महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेले असेल, तर त्याच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो. तो निर्णय बालरोगतज्ज्ञांसोबतच घ्यावा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. झोपेच्या, थायरॉइडच्या आणि आयुर्वेदिक गोळ्याही न्या.

१. माझ्या गोळीत कोणकोणती औषधे आहेत? प्रत्येक कशासाठी आहे?
२. यातले कोणते चालू ठेवायचे आणि कोणते उतरवायचे? किती आठवड्यांत?
३. उतरवताना त्रास झाला, तर तो औषध सुटल्याचा की आजार परतल्याचा, हे मी कसे ओळखू?
४. गर्भधारणेचा प्रयत्न कधी सुरू करू? तोपर्यंत कोणते गर्भनिरोधक वापरू?
५. मी गोळी घेत असताना दिवस राहिले, तर तुम्हाला किती दिवसांत कळवू?
६. माझा आजार औषधाशिवाय, केवळ समुपदेशनाने आटोक्यात राहील इतका सौम्य आहे का?
७. बाळंतपणानंतर हेच औषध चालेल का? बाळात कोणती लक्षणे पाहू?
८. धडधड आणि थकवा थायरॉइड किंवा रक्त कमी असल्यामुळे तर नाही ना? तपासणी करायची का?
९. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांसाठी औषध व डोस लिहिलेली चिठ्ठी द्याल का?

तिसऱ्या प्रश्नाचे ढोबळ उत्तर असे. औषध सुटल्याचा त्रास बहुधा डोस कमी केल्यावर काही दिवसांतच सुरू होतो, त्यात चक्कर आणि झटके यांसारखी नवी लक्षणे असतात आणि तो हळूहळू ओसरतो. आजार परतला असेल तर जुनीच काळजी पुन्हा डोके वर काढते आणि आठवड्यागणिक वाढत जाते.

कधी थांबायचे नाही

स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार येत असतील, सलग रात्री बाळ झोपलेले असूनही झोप येत नसेल, किंवा इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येत असतील, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि तोवर एकट्या राहू नका. भारतात केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

गोळी चुकून बंद झाली असेल किंवा गोळ्या सुरू असतानाच दिवस गेल्याचे कळले असेल, तर घाबरून उरलेल्या फेकू नका आणि दुप्पटही घेऊ नका. पाकीट हातात घ्या, त्यावरची नावे वाचा आणि डॉक्टरांना फोन करा.