दोघांची दिल्ली आणि मिनिटाचा भाव

१९९५ साली दिल्लीत मोबाइल सेवा सुरू झाली तेव्हा परवाने फक्त दोघांकडे होते. एक भारती, जिची सेवा एअरटेल या नावाने आली, आणि दुसरी एस्सार. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासलाही हाच नियम होता: एका शहरात दोन कंपन्या. निविदा १९९२ मध्येच निघाल्या होत्या, पण निवडीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९४ मध्ये निकाल लागल्यावरच परवाने हातात आले. एकच कंपनी ठेवली तर मक्तेदारी होईल, दोन ठेवल्या तर स्पर्धा होईल, असा या ‘दोन’मागचा विचार दिसतो.

दोन पुरतात का, हा वाद मात्र जुना, आणि तो सुरू झाला पाण्यावरून. १८३८ मध्ये फ्रेंच गणिती ओग्युस्तँ कूर्नो यांनी खनिज पाण्याच्या शेजारशेजारच्या दोन झऱ्यांचे उदाहरण घेतले. पाणी अगदी सारखे, काढायला खर्च शून्य. दोन्ही मालक बाजारात किती पाणी आणायचे एवढेच ठरवतात, भाव आपोआप पडतो. कूर्नोंच्या हिशेबात हा भाव मक्तेदाराच्या भावापेक्षा कमी येतो, पण शून्यावर येत नाही. दोघांनाही काहीतरी उरते.

पंचेचाळीस वर्षांनी, १८८३ मध्ये, जोझेफ बर्त्राँ या दुसऱ्या गणितीने ‘झुर्नाल दे साव्हाँ’ या नियतकालिकात या पुस्तकाचे परीक्षण लिहिले. कूर्नो १८७७ मध्येच वारले होते, त्यामुळे उत्तर यायचे नव्हते. बर्त्राँचा आक्षेप थोडक्यात असा, की मालक पाण्याचे माप ठरवत नाही, भाव ठरवतो. आणि भाव किंचित उतरवला की शेजाऱ्याचे सगळे गिऱ्हाईक त्याच्याकडे येते. मग भावाच्या घसरणीला थांबा कुठे? एका पुस्तकपरीक्षणातल्या या शेऱ्यावर पुढे अर्थशास्त्रातला एक अख्खा सिद्धांत उभा राहिला. त्याला आज ‘बर्त्राँ स्पर्धा’ म्हणतात. ‘थांबा सीमान्त खर्चावर’ हे उत्तर इतरांनी नंतर नेटके करून दिले.

सीमान्त खर्च म्हणजे आणखी एक नग विकायला लागणारा जादा खर्च. हे दिल्लीच्या मिनिटावर करून पाहू. कल्पनेतले सोपे आकडे घेऊ. कॉलच्या एका मिनिटामागे दोन्ही कंपन्यांना जादा खर्च १ रुपया येतो. दोघी मिनिटाला १६ रुपये लावतात आणि शहरात १,००० मिनिटे विकली जातात, प्रत्येकीची ५००. मिनिटामागे १५ रुपये सुटतात, म्हणजे प्रत्येकीला ७,५००. आता एकीने दहाच पैसे उतरवले. हजारही मिनिटे तिची आणि नफा १४,९००, जवळजवळ दुप्पट. दुसरीला काही मिळत नाही, म्हणून ती आणखी दहा पैसे उतरते. दर २ रुपयांवर आला तरी मोह तोच असतो: वाटून घेतले तर ५००, दहा पैसे उतरून सगळे घेतले तर ९००. हा मोह संपतो तो दर खर्चाला टेकतो तेव्हा. तिथून खाली उतरणे म्हणजे तोटा, आणि एकटीने वर चढणे म्हणजे गिऱ्हाईक शून्य. कट नाही, मूर्खपणा नाही, दोघी आपापले हित बघतात आणि दोघींच्या हाती काही उरत नाही. मनोरे आणि परवाना शुल्क यांचे पैसे या दरातून निघतच नाहीत.

दिल्लीत असे घडायला हवे होते. दोघींचे तंत्रज्ञान एकच, जीएसएम, आणि परवान्याच्या अटीही त्याच. मिनिट तर मिनिटच. त्यात एअरटेलची चव आणि एस्सारची चव असा फरक नाही. प्रत्यक्षात सरकारने ठरवलेला कमाल दर गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे होता, एरवी त्याच्या निम्मा, आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. दर त्या छताच्या आसपासच राहिले. मोठी उतरंड लागली ती १९९९ मध्ये ट्रायने छतच खाली आणल्यावर.

का, याचे मला पटणारे उत्तर आयरिश अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८९७ मध्येच देऊन ठेवले होते. बर्त्राँच्या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत आहे: शेजाऱ्याचे सगळे गिऱ्हाईक आले तर त्या सगळ्यांना माल देता येतो. नव्या मोबाइल जाळ्याला ते जमत नाही. मनोरे मोजके, वारंवारता मोजकी. जास्त ग्राहक घेतले की कॉल लागेनासे होतात. वरच्याच उदाहरणात प्रत्येक जाळे जेमतेम ६०० मिनिटे पेलते असे धरा. दोघी १ रुपयावर आल्या आहेत आणि एकीने दर १० रुपये केला. दुसरी ६०० मिनिटांवर अडली. उरलेल्या ४०० मिनिटांचे ग्राहक, फोनची गरज असेल तर, महागडीकडेच येणार. मग तिला ३,६०० रुपये सुटतात, खर्चाच्या दराला शून्य सुटत होते. म्हणजे खर्चाचा दर हा मुक्कामच नव्हे. १९८३ मध्ये, परीक्षणानंतर बरोबर शंभर वर्षांनी, डेव्हिड क्रेप्स आणि जोझे शाइंकमन यांनी दाखवले, की आधी क्षमता उभारायची आणि मग दराने लढायचे असे असेल, तर त्यांच्या गृहीतकांखाली उत्तर पुन्हा कूर्नोंचेच येते. बिचाऱ्या कूर्नोंची बाजू उशिरा का होईना मांडली गेली.

क्षमतेखेरीज नंबरही आड येत होता. कंपनी सोडली की नंबर सोडावा लागे, आणि दहा पैशांसाठी कोणी व्हिजिटिंग कार्डे नव्याने छापत नाही. नंबर तोच ठेवण्याची सोय नोव्हेंबर २०१०मध्ये हरियाणात सुरू झाली. गुडगाव हरियाणात असूनही दूरसंचारच्या नकाशावर दिल्लीत मोडते, म्हणून तिथल्यांना २० जानेवारी २०११पर्यंत थांबावे लागले.

दिल्लीतली दुकटी मोडली ती २००१मध्ये एमटीएनएल आल्यावर. पुढच्या वर्षी आयडिया आली, आणि डिसेंबर २००२मध्ये रिलायन्स ४० पैशांचे मिनिट घेऊन आली. संख्या दोनाची पाच झाली म्हणून दर पडला, असे सहसा सांगतात. मला वाटते महत्त्वाचे हे, की नवी जाळी रिकामी होती. एजवर्थ यांची अट सुटली आणि बर्त्राँचे गणित चालू लागले.

ते कुठे थांबले तेही मोजता येते. २००३पासून येणारा कॉल फुकट झाला आणि ज्याच्या ग्राहकाने फोन लावला त्या कंपनीने समोरच्या कंपनीला मिनिटामागे ठरावीक शुल्क द्यायचे ठरले. दुसऱ्या जाळ्यावर केलेल्या कॉलचा सीमान्त खर्च म्हणजे मुख्यतः हेच शुल्क, ट्रायच्या आदेशात चक्क छापलेले: २००९पासून २० पैसे, २०१५पासून १४, ऑक्टोबर २०१७पासून ६. आपल्याच जाळ्यातल्या कॉलला ते पडत नाही, म्हणूनच ‘आपसात फुकट’ योजनांचा सुळसुळाट झाला. २०१६मध्ये जिओने सगळेच कॉल फुकट केले, पण इतर जाळ्यांना शुल्क भरतच होती. शेवटी ऑक्टोबर २०१९मध्ये तिने दुसऱ्या जाळ्यावरच्या कॉलला ग्राहकांकडून दर लावला: मिनिटाला ६ पैसे. पाठ्यपुस्तकातली किंमत इतकी तंतोतंत बाजारात क्वचितच दिसते. १ जानेवारी २०२१ला ते शुल्क शून्य झाले आणि जिओचे ६ पैसेही त्याच दिवशी गेले.

दिल्लीतल्या १९९५च्या दोन्ही कंपन्या आजही आहेत: एअरटेल, आणि एस्सार, हच, व्होडाफोन अशी नावे बदलत २०१८मध्ये आयडियात मिसळलेली व्हीआय. मिनिट त्या आता विकत नाहीत, महिना विकतात. जून २०२४च्या अखेरीस जिओने या महिन्याचा दर वाढवल्याचे जाहीर केले. दोन दिवसांच्या आत एअरटेल आणि व्हीआयनेही वाढवला.