नोंदवही नसलेली संघटना

बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनचा जन्म कधी झाला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी १८८४ म्हणतं, कुणी १८९०. हा वाद संस्थेच्या स्वभावातूनच आला आहे. तिला घटना नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता आणि सभासदांची नोंदवहीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, त्यांचं 'दीनबंधु' हे वृत्तपत्र आणि हाक दिली की जमणारे गिरणी कामगार, एवढीच तिची मालमत्ता.

लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर होते, त्यामुळे गिरणीचा दिवस त्यांनी आतून पाहिलेला होता. त्या काळी भोंगा सूर्याच्या हिशेबाने वाजत असे. उजाडलं की यंत्रं सुरू, दिवस मावळला की बंद. म्हणजे हिवाळ्यात अकरा तासांच्या आसपास काम आणि ज्येष्ठात तेरा. रविवारी यंत्रं थांबली, तरी ती पुसायला आणि साफ करायला कामगारांनाच बोलावत. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त मुलांपुरती मर्यादा घातली होती: सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल तो गप्प होता.

१८८४ मध्ये सरकारने चौकशी मंडळ नेमलं आणि लोखंड्यांनी ही संधी पकडली. २३ आणि २६ सप्टेंबरला कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या अशा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, अपघातात जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन आणि अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.

यातली पगाराची मागणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गिरणीत पगार कित्येक आठवडे मागे असे. न सांगता काम सोडणाऱ्याला ती थकबाकी गमवावी लागे. ज्याची मजुरी मालकाच्या खिशात अडकली आहे, तो संप कशाच्या बळावर करणार? म्हणून त्या वर्षांत संप झाले ते एकेका खात्यातले आणि थोड्या दिवसांचे. खात्यावर हुकमत जॉबरची. भरती त्याच्या हाती, आणि अनेकदा कामगाराची उधारीही त्याच्याकडेच. पगार वेळेवर मागणं म्हणजे संप करण्याची ताकद मागणं होतं.

विरोध फक्त मालकांचा नव्हता. लँकेशायरचे गिरणीवाले हिंदुस्थानात फॅक्टरी कायदा व्हावा म्हणून जोर लावत होते, तो मुंबईची स्पर्धा कमी व्हावी म्हणून. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या अनेक राष्ट्रीय बाण्याच्या वृत्तपत्रांना कामगारांची मागणीही परक्यांचा डाव वाटे. ती टीका समजण्यासारखी होती, पण तेरा तास उभं राहणाऱ्या बाईचे पाय कुणाच्या डावाने दुखत नव्हते. 'दीनबंधु'ने हे लावून धरलं.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने सुट्टी आणि अर्ध्या तासाचा विसावा पक्का झाला, स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले.

१८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले आणि असोसिएशनही विरली. दुसऱ्या कुणी चालवावी अशी यंत्रणाच मागे उरली नव्हती. त्याची किंमत लवकरच दिसली. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादा संपली. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. १८८४ च्या निवेदनात 'सूर्यास्तापर्यंत' हा शब्द होता, तासांचा आकडा नव्हता. सूर्य मावळल्यावरही गिरणी चालेल हे तेव्हा कुणाच्या ध्यानी आलं नव्हतं. दिव्यांखालच्या या कामाविरुद्ध कामगार चिडून उठले, पण त्यांच्या बाजूने बोलणी करणारी संघटना नव्हती.

पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने आली, तीही कापड गिरण्यांपुरती. १९२० च्या जानेवारीत मुंबईभर संप झाला. त्यातली एक मुख्य मागणी कमी तासांची होती आणि १९२२ पासून आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. १९२६ मध्ये कामगार संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि त्या वर्षअखेरीस तिच्या नोंदवहीत पन्नास हजारांहून अधिक नावं होती.