दोन रोल, बहात्तर फ्रेम

मे १९९८. तुम्ही कुणकेश्वरात एका घराच्या खळ्यात उभे आहात. वर माडाच्या झापांचा मांडव आहे आणि पोफळीच्या खांबांना आंब्याचे टाळे बांधले आहेत. घरामागून समुद्राचा आवाज येतो. सकाळी लग्न लागलं, संध्याकाळी रिसेप्शन आहे. गावात ‘रिसेप्शन’ हा शब्द नुकता रुळू लागलाय. मुंबईकर चाकरमान्यांनी तो आणला, खुर्च्या आणि लाल गालिचाही त्यांनीच आणला. या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्यामुळे पाहुण्यांपैकी कितीतरी जण पहिल्यांदाच रेल्वेने कणकवलीला उतरून एसटीने इथवर आलेत. मांडवात पोखरणच्या चाचण्यांवर चर्चा रंगली आहे.

तुम्ही गावच्या शाळेत शिकवता. तुमचं अक्षर चांगलं आणि आवाज मोकळा, म्हणून माइक तुमच्या हाती आलाय. लोक तुम्हाला मास्तर म्हणतात. आता साडेसहा वाजलेत. सूर्य सातच्या सुमाराला बुडेल, आणि तुमचं खरं काम त्याआधीच उरकायला हवं.

आधी फोटोग्राफरला गाठा. तो स्टेजमागे बॅग उघडून बसलाय.

‘‘मास्तरांनू, दोनच रोल शिल्लक आसत.’’

दोन रोल म्हणजे बहात्तर फ्रेम. बाकीचे हळदीत आणि सकाळच्या विधीत संपले. देवगडचं दुकान आता उघडं मिळणार नाही. मांडवात चारेकशे माणसं येतील. चार-पाच जणांचा एक गट धरला, तर नव्वदच्या आसपास गट स्टेजवर चढतील आणि प्रत्येकाला फोटो हवा असेल. फोटोग्राफर दबक्या आवाजात तोडगा सुचवतो: शेवटी शेवटी नुसता फ्लॅश मारतो, रोल न फिरवता, कुणाला कळणार नाही. तुम्ही ‘नाही’ म्हणा. आज कळणार नाही, पण गणपतीत हीच माणसं या घरी येतील, अल्बम मांडीवर घेतील आणि स्वतःला शोधत पानं उलटतील. तेव्हा ज्यांना आपण सापडणार नाही, त्यांना काय सांगायचं?

मग वही घ्या आणि हिशोब मांडा. नात्यातले गट तीस. त्यांतल्या अगदी जवळच्या आठ गटांचे दोन-दोन फोटो घ्यायचे, कुणाचे तरी डोळे मिटतातच. झाल्या अडतीस फ्रेम. उरल्या चौतीस, आणि उरलेले गट साठ. हे साठ गट जोडीजोडीने वर बोलवायचे: एका वाडीतली दोन कुटुंबं एकत्र, नवऱ्याच्या कारखान्यातले दोस्त एकत्र, मुंबईच्या चाळीतले शेजारी एकत्र. तीस फ्रेममध्ये सगळे बसतात. चार हाती राहतात. त्यातल्या दोन चुकीसाठी ठेवा. उरलेल्या दोन कुणासाठी, ते पुढे कळेल.

आता नवऱ्याच्या थोरल्या काकांना शोधा. ते आचाऱ्याजवळ काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची चव बघत उभे आहेत. त्यांना दोनच प्रश्न विचारा. पहिला: सगळ्यांत आधी कोण निघणार? उत्तर येतं की वधूकडची मंडळी. त्यांनी कणकवलीहून ठरवून आणलेली एसटी दहाला सुटायची आहे. म्हणजे त्यांची पंगत साडेआठला बसलीच पाहिजे आणि त्यांचे फोटो त्याआधी व्हायला हवेत. वरपक्षाच्या भावकीला थांबावं लागेल. भावकी घरचीच आहे, पण हे त्यांना आधी सांगायला हवं. स्टेजवरून ऐनवेळी सांगितलं तर तो अपमान वाटतो, काकांनी चहा पिता पिता सांगितलं तर तो पाहुणचार ठरतो.

दुसरा प्रश्न: कुणाचं नाव राहिलं तर कायमचं लागेल? काका थबकतात. मग एकेक नातं सांगतात. रुसून बसलेली आणि यंदा दहा वर्षांनी आलेली आत्या. नवऱ्याला मुंबईत ठेवून घेऊन शिकवणारे मधले मामा. गावाचे मानकरी. आणि सर्वांत शेवटी, जरा चाचरत, नवऱ्याची आई.

यादीचा क्रम तुम्हाला शून्यातून रचायचा नाही. या किनाऱ्यावर तो गाऱ्हाण्यात आधीच आहे. सकाळी देवाला गाऱ्हाणं घालताना तुम्ही ऐकलंय: आधी देवांची नावं, मग पूर्वज, मग मानकरी आणि घराणं, आणि शेवटी मागणं. मध्ये एखादं नाव सुटलं तर जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणायच्या आधी अडखळतात आणि कुणीतरी जाणता ते नाव पुरवतो. तुम्हीही तसंच करा. लिहिलेली यादी काकांना मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे अडखळतील तिथे एक नाव सुटलेलं असतं.

साडेसातला सुरुवात होते. माइक तोंडाशी आणताच भोंगा कर्कश शिट्टी घालतो. घाबरू नका. भोंगा तुमच्या पाठीमागे आहे, त्याचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि पुन्हा भोंग्यातूनच बाहेर पडतो. भोंगा स्टेजच्या पुढे, लोकांकडे तोंड करून बांधायला लावा. समुद्राचा वारा माइकवर आदळून फुरफुरतोय, त्यावर एक पातळ रुमाल गुंडाळा.

पहिला गट नवऱ्याच्या घरचा. नवऱ्याची आई मांडवाच्या कडेला, बायकांच्या घोळक्यामागे उभी आहे. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. ती तुम्हाला आधीच सांगून गेली आहे: ‘‘मास्तरांनू, माका वर बोलवू नकात. मी हयच बरी.’’

तुम्ही तिच्यापाशी गेलात आणि म्हणालात, ‘‘काकी, झीलाच्या बाजूची जागा तुमचीच. ती मोकळी ठेवून फोटो काढूक येवचो नाय.’’

ती काहीच बोलली नाही. आता माइकवर काय म्हणायचं, हे फार जपून ठरवा. ‘कैलासवासी अमुक यांच्या पत्नी’ असं म्हणालात, तर चारशे माणसांसमोर तिची ओळख एका मृत्यूने सुरू होईल आणि ती तिथेच थिजेल. म्हणून आधी तिचं स्वतःचं नाव घ्या, मग ‘नवरदेवाची आई’ म्हणा, आणि लगेच घरातल्या दोघींना सोबत बोलवा, म्हणजे तिला एकटीने पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. वडिलांचं नाव नंतर, नवऱ्याची ओळख करून देताना येईल. त्यांची आठवण निघायलाच हवी, फक्त त्या आठवणीचा भार तिच्या एकटीवर पडता कामा नये. ती येते. पहिल्या दोन फ्रेम तिच्या.

मग वधूकडची मंडळी. प्रत्येक ओळख पंधरा सेकंदांत बसवा: नातं, गाव आणि त्या माणसाबद्दलची एकच खरी गोष्ट. ‘‘वधूचे मामा, कणकवलीचे. हिची शाळा चुकू नये म्हणून पावसाळाभर हिला सायकलवरून पोचवणारे.’’ एवढं पुरतं. मामा वर येईपर्यंत मांडवातल्या अनोळखी लोकांनाही ते ओळखीचे झालेले असतात. पगार, हुद्दा, आहेराचा आकडा यांतलं काही माइकवर येऊ देऊ नका. एकाचं सांगितलं की दुसऱ्याचं न सांगणं बोचतं.

दहा मिनिटं छान जातात आणि मग रांग तुंबते. कुठे ते बघा. सगळे फोटोग्राफरकडे बोट दाखवतील, पण तो मोकळा उभा आहे. खोळंबा पायऱ्यांवर आहे. एकाच जिन्याने चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. वर पोचलेला माणूस खिशात पाकीट चाचपतो, ते नवऱ्याच्या हाती देतो, नवरा ते कुणाकडे द्यावं म्हणून मागे वळतो. एका गटाला पन्नास सेकंद लागतात. याच गतीने नव्वद गटांना सव्वा तास लागेल आणि एसटी पंगतीसाठी ताटकळेल.

दोन बदल करा. उजवीकडे एक बाक घालून उतरायची वाट करा. आणि आहेराची वही घेऊन बसलेल्या भाच्याला स्टेजवरून उठवून चढायच्या पायरीजवळ, खाली बसवा. पाकीट खालीच दिलं की हात मोकळे होतात आणि माणूस वर येऊन थेट नवरानवरीशी बोलतो. आता एक गट फोटोत, दुसरा पायरीवर आणि तिसऱ्याचं नाव माइकवर, अशी चाल बसते.

या चालीचा ताल फ्लॅश ठरवतो. एकदा उडाला की तो पुन्हा भरायला वेळ घेतो, आणि सेल उतरू लागले की तो वेळ आठ-दहा सेकंदांवर जातो. फ्लॅशच्या पाठीवरचा बारीक दिवा पेटला की तो तयार झाला. नजर त्या दिव्यावर ठेवा. दिवा विझलेला असताना पुढचं नाव घ्या, पेटला की गप्प व्हा, म्हणजे सगळे कॅमेऱ्याकडे बघतील. दिवा पेटलेला असताना बोलत राहिलात, तर निम्मे चेहरे तुमच्याकडे वळलेले येतील.

काही जणांना चढवत नाही. नवऱ्याची आजी खुर्चीत बसून आहे. तिला उचलून वर नेऊ नका, नवरानवरीला खाली आणा. रांग अर्धा मिनिट थांबते, पण कुणी कुरकुरत नाही, कारण का थांबलोय ते सगळ्यांना दिसतंय. लोक चिडतात ते कारण न कळता थांबावं लागलं की. म्हणून जोडीने बोलावतानाही कारण सांगा: ‘‘रोल मोजका आहे, सगळे अल्बममध्ये यायला हवेत, म्हणून दोन घरं एकत्र येऊया.’’ एवढं सांगितल्यावर वाडीतली माणसं स्वतःच शेजाऱ्याला हाक मारून सोबत नेऊ लागतात.

सव्वाआठ. वधूकडची मंडळी पंगतीला बसली. थोड्याच वेळात रांगही संपली. काउंटरवर चार फ्रेम शिल्लक होत्या, त्यातल्या दोन डोळे मिटलेल्यांवर गेल्या.

आता तुमच्या आजच्या काळात या. मांडवाच्या जागी हॉल आहे, कॅमेऱ्यात हजारो फोटो मावतात आणि फ्लॅशला फारसा दम खावा लागत नाही. फ्रेमची मर्यादा संपली, म्हणून रांग मात्र लांबली: प्रत्येक गटामागे पाच फोटो, मग तेच पुन्हा मोबाइलवर. रोल जे काम करायचा ते आता तुम्हालाच करावं लागतं. फोटोग्राफरशी आधीच ठरवा की रांगेतल्या गटाला दोन फोटो, मोबाइल स्टेजखालून, चढायची आणि उतरायची वाट वेगळी. आणि घरच्या जाणत्या माणसाला ते दोन प्रश्न आजही विचारा. आधी कोण निघणार आणि कुणाचं नाव राहिलं तर लागेल, हे कुठल्याही कॅमेऱ्याला कळत नाही.

राहिल्या त्या दोन फ्रेम. १९९८च्या त्या रात्री तुम्ही माइकवर आचाऱ्याला, वाढपी पोरांना आणि पहाटेपासून झापं बांधणाऱ्या गड्यांना बोलावता. ते नको नको म्हणतात, हात पुसत वर येतात. अशा माणसांना बोलवायचं ऐनवेळी सुचत नाही. तोवर रोल संपलेला असतो, आज असेल तर हॉलची वेळ संपलेली असते. म्हणून यादी लिहाल तेव्हा त्यांची ओळ सगळ्यांत आधी लिहा आणि तिच्यापुरती जागा राखून मगच बाकीचा हिशोब मांडा.