पान, कलम आणि मूळ शब्द : संदर्भ देण्याच्या रीतीची कुळकथा

दीर्घ धोरणपत्रातून एखाद्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर देताना त्यासोबत पान व कलम नोंदवण्याची रीत आज कार्यालयीन शिस्तीचा भाग वाटत असली, तरी तिचा उगम ग्रंथांच्या हस्तलिखित परंपरेत आहे. संस्कृत टीकाकार मूळ वचनाकडे निर्देश करताना बहुधा त्याचे आरंभीचे शब्द तेवढे देत. अशा निर्देशाला प्रतीक म्हणतात. ज्याला मूळ ग्रंथ मुखोद्गत आहे त्याला एवढे पुरे होई, परंतु ज्याने तो पाठ केलेला नाही अशा वाचकाला पडताळणीसाठी स्मरणाऐवजी ग्रंथातील ठिकाण हवे असते.

असे ठिकाण ठरवण्याचा एक मोठा प्रयत्न तेराव्या शतकात पॅरिसमधील सँ-झाक येथील डोमिनिकन मठात झाला. ह्यू ऑफ सँ-शेर यांच्या देखरेखीखाली तेथे १२३०च्या दशकात बायबलची शब्दसूची, म्हणजे कोणता शब्द कोठे कोठे आला आहे हे सांगणारी सूची, तयार झाली. हस्तलिखिताच्या प्रत्येक प्रतीत पाने वेगळी पडत असल्याने पानाचा उपयोग नव्हता. म्हणून या भिक्षूंनी प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना लॅटिन वर्णमालेतील पहिली सात अक्षरे दिली आणि ग्रंथ, अध्याय व अक्षर असा पत्ता रूढ केला. या पहिल्या सूचीत केवळ पत्ते होते, त्यामुळे वाचकाला प्रत्येक ठिकाण उघडून पाहावे लागे. पुढे त्याच मठातील इंग्रज भिक्षूंनी पत्त्यासोबत मूळ वाक्ये दिली. ती इतकी लांब होती की सूची अवजड झाली. त्यानंतरच्या तिसऱ्या आवृत्तीत पत्ता आणि अर्थ कळण्यापुरते मोजके मूळ शब्द असा तोल साधला गेला, आणि विश्वासार्ह उत्तराचा साचा आजही तोच आहे.

मुद्रणामुळे एका आवृत्तीच्या सर्व प्रतींत पाने सारखी झाली व पृष्ठांक उपयोगी ठरला. मात्र आवृत्ती किंवा भाषा बदलली की तो निरुपयोगी होतो. मजकुराच्या रचनेला दिलेला क्रमांक त्याहून टिकाऊ असतो. रोबेर एस्तिएन यांनी १५५१ मध्ये नव्या कराराच्या छापील आवृत्तीत वचनांना दिलेले क्रमांक म्हणूनच भाषांतरांतही चालत राहिले. कायद्याच्या क्षेत्रात ब्रिटिश संसदेच्या १८५० च्या एका अधिनियमाने कलमांच्या आरंभी अधिनियमनाचे ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याची गरज संपवली, आणि १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या क्रमांकित कलमांमुळे तर कलमाचा आकडाच भारतीय व्यवहारात गुन्ह्याचे नाव बनला.

या रीतीची खरी कसोटी धोरणपत्रात लागते, कारण तेथील वाक्यांत आज्ञा, अपेक्षा आणि अपवाद एकत्र नांदतात. ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण सक्तीचे आहे का?’ हा प्रश्न घेतला, तर इंग्रजी आवृत्तीत पान १३ वर सुरू होणाऱ्या बहुभाषिकतेच्या विभागातील परिच्छेद ४.११ उघडावा लागतो. त्यात किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत व त्यापुढेही घरची, मातृ, स्थानिक किंवा प्रादेशिक भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. पण वाक्याच्या आरंभी ‘जेथे शक्य असेल तेथे’ ही मर्यादा आहे. ती गाळून ‘होय, ४.११’ असे उत्तर दिले, तर पत्ता अचूक राहूनही उत्तर चुकते, योग्य उत्तर ‘सरसकट सक्ती नाही, प्राधान्य आहे, परंतु शक्यतेच्या अटीसह’ असे होते.

काही उत्तरे एका परिच्छेदात मावत नाहीत. महाराष्ट्रात एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा शासन निर्णय निघाला आणि तीव्र विरोधानंतर जून २०२५ अखेर त्रिभाषेविषयीचे निर्णय मागे घेण्यात आले. त्या वादातील ‘धोरणच तसे सांगते का?’ या प्रश्नासाठी परिच्छेद ४.१२ व ४.१३ एकत्र वाचावे लागतात. पहिला परिच्छेद लहान वयात विविध भाषांचा परिचय व्हावा असे म्हणतो, तर दुसरा त्रिभाषा सूत्र कायम ठेवताना कोणतीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही असे सांगतो आणि तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात एवढ्या अटीवर निवड राज्ये, प्रदेश व विद्यार्थी यांच्यावर सोपवतो. केवळ ४.१२ दाखवणाऱ्यालाही मजकुराचा आधार मिळतो, पण परिचय म्हणजे अनिवार्य विषय नव्हे, आणि हिंदीची सक्ती या दोन्ही परिच्छेदांत नाही.

म्हणून उत्तरासोबत दस्तऐवजाचे नाव व वर्ष, आवृत्तीची भाषा, परिच्छेद, पान आणि अट व्यक्त करणारे मूळ शब्द असावे लागतात. जेथे दस्तऐवज मौन बाळगतो तेथे ‘या दस्तऐवजात याविषयी तरतूद आढळत नाही’ असे लिहून कोणते विभाग तपासले ते नमूद करावे, कारण नकाराला कलम दाखवता येत नाही. त्याची पडताळणी केवळ शोधाची व्याप्ती सांगूनच शक्य होते.